आढळले की आढळतात?

प्रबंधातलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण चाळताना एकाच पानावर ‘पामर यांनी म्हटले’, ‘पामर म्हणतात’ आणि ‘पामर यांनी म्हटले आहे’ अशी तिन्ही रूपं सापडतात. मार्गदर्शक ती एकसारखी करायला सांगतात. माझ्या मते मुख्य क्रियापदाचा काळ एवढा महत्त्वाचा नाही. खरी जोखीम ‘की’नंतर येणाऱ्या क्रियापदात असते.

पोटातल्या अल्सरचं उदाहरण घेऊ. १९५४ साली एडी पामर या अमेरिकी डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचे हजाराहून अधिक नमुने तपासले. त्यांना नागमोडी जंतू दिसले नाहीत. आता ही दोन वाक्यं पाहा. ‘पामर यांना तपासलेल्या नमुन्यांत जंतू आढळले नाहीत.’ ‘पामर यांनी दाखवले की जठरात जंतू नसतात.’ पहिलं वाक्य आजही खरं आहे, कारण ते त्या नमुन्यांपुरतं बोलतं. दुसऱ्यात ‘नसतात’ आलं आणि निष्कर्ष जगातल्या सगळ्या जठरांना लागू झाला. शिवाय ‘दाखवले’ म्हटल्यामुळे लेखकानेही त्यावर सही केली.

पुढे ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन यांनी चांदीचे क्षार वापरून नमुने रंगवले, तेव्हा जंतू स्पष्ट दिसले. १९८४ मध्ये बॅरी मार्शल आणि वॉरन यांनी शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्या तेराही रुग्णांत जंतू होते. त्या वर्षी कुणी ‘या जंतूंमुळे अल्सर होतो’ असं लिहिलं असतं, तर ती घाई ठरली असती. जंतू आणि अल्सर एकत्र सापडले, एवढंच तेव्हा हाती होतं. जंतू मारल्यावर अल्सर पुन्हा उद्भवणं कमी होतं, हे नंतरच्या चाचण्यांनी दाखवलं. आज ‘होतो’ लिहिता येतं, पण तेही जपून, कारण वेदनाशामक गोळ्यांमुळेही अल्सर होतो.

इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असलं की पुढचंही बहुतेकदा भूतकाळात ओढलं जातं. त्यामुळे जंतू फक्त त्या रुग्णांत होते की सर्वत्र असतात, हे वाक्यावरून कळत नाही. मराठीत तशी सक्ती नाही. ‘आढळले की जंतू असतात’ हे आपल्याला सहज वाटतं, आणि म्हणूनच ‘असतात’ नकळत लिहिलं जातं. दुसऱ्याचा निष्कर्ष आपल्याला मान्य नसेल, तर ‘पामर यांच्या मते जठरात जंतू नसतात’ असं लिहावं. काळ वर्तमानच राहतो, पण जबाबदारी पामर यांच्याकडे जाते.

‘आढळले आहे’ हे रूप मी एका अभ्यासासाठी सहसा वापरत नाही. त्याची जागा अनेक अभ्यासांचा मिळून कल सांगताना: ‘अनेक देशांतील रुग्णांत हे जंतू आढळले आहेत.’ तिथे वर्ष घातलं की वाक्य अडखळतं. ‘१९८४ मध्ये आढळले आहेत’ हे मोठ्याने वाचून पाहा, कानच ते नाकारतो.