‘दुर्लक्ष होत आहे’ हा पुरावा नव्हे

भोसरीच्या एमआयडीसीत शाफ्ट टर्निंग-ग्राइंडिंग करून देणारं एक वर्कशॉप आहे असं समजा. वर्षातून एकदा अंतर्गत गुणवत्ता ऑडिट होतं. ऑडिटर ग्राइंडिंग मशीनपाशी थांबतो, ऑपरेटरच्या हातातला मायक्रोमीटर घेऊन त्यावरचं स्टिकर वाचतो. कॅलिब्रेशनची तारीख १४ मार्चला उलटून गेली आहे आणि आज आहे ९ एप्रिल. सुपरवायझर म्हणतो, “साहेब, मायक्रोमीटर चांगलाय, कालच स्लिप गेजवर बघितलाय.” ऑडिटर त्याची नोंद मागतो. नोंद केलेली नसते.

इथे नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे शॉपच्या भाषेत ‘एनसी’, पडते. नवशिका ऑडिटर हमखास लिहितो: ‘कॅलिब्रेशनकडे दुर्लक्ष होत आहे.’ या वाक्यावर नुसता वाद होतो. कोणाचं दुर्लक्ष, किती उपकरणांकडे, कशावरून? आणि एनसी बंद करायची वेळ आली की दुर्लक्ष थांबलं हे दाखवणार कसं?

नीट लिहिलेल्या एनसीत तीन गोष्टी लागतात: नियम काय सांगतो, प्रत्यक्षात काय दिसलं आणि त्यातून कुठली अट मोडली. आयएसओ ९००१:२०१५ मधलं कलम ७.१.५.२ सांगतं की जिथे मापनाची शोधक्षमता आवश्यक आहे तिथे उपकरण ठरलेल्या कालावधीनं किंवा वापरापूर्वी कॅलिब्रेट किंवा पडताळून घ्यायचं. पुराव्यात मग असं येतं: ‘ग्राइंडिंग विभाग, ९ एप्रिल. मायक्रोमीटर क्र. एम-०७, ०–२५ मिमी, कॅलिब्रेशनची मुदत १४ मार्चला संपलेली. त्यावर २० मिमी शाफ्टची अंतिम तपासणी सुरू होती. विभागातली पाच मापन उपकरणं तपासली, पैकी या एकाची मुदत संपलेली आढळली. एम-०७ ची नोंद कॅलिब्रेशन यादीत नाही.’ ऑपरेटरचं नाव यात कुठेही नाही, कारण ऑडिट व्यवस्थेचं असतं. ‘पाच पैकी एक’ हेही मुद्दाम लिहायचं. किती उपकरणं पाहिली ते कळलं नाही तर चूक केवढी आहे याचा अंदाज वाचणाऱ्याला येत नाही.

पुराव्याची मर्यादाही सांभाळावी लागते. मुदत संपली एवढंच सिद्ध झालंय. मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवतो, हे नाही. ते शोधणं विभागाचं काम. समजा, २० मिमीच्या स्लिप गेजवर तो १९.९९४ दाखवतो, म्हणजे ०.००६ मिमी कमी. शाफ्टची मर्यादा १९.९८० ते २०.००० असेल, तर १९.९९८ अशी नोंद असलेला शाफ्ट खरा २०.००४ चा आहे. म्हणजे १९.९९४ पेक्षा जास्त माप लिहिलेला प्रत्येक शाफ्ट संशयित ठरतो. उपकरण कामाला अयोग्य आढळलं तर आधीची मापं बिघडली का ते बघा, असं हेच कलम सांगतं. चूक १४ मार्चलाच सुरू झाली असं धरता येत नाही, त्यामुळे उपकरण शेवटचं बरोबर आढळलं तिथपर्यंत मागे जावं लागतं. माल गेला असेल तर ग्राहकाला कळवायचं की नाही, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. बहुतेक कारखाने नवं स्टिकर लावून मोकळे होतात, आणि नेमका हाच भाग सुटतो.

मुदतींचंही तसंच. सरसकट ‘३० दिवस’ लिहिण्याची सवय आहे. मला ती आळशीपणाची वाटते. मायक्रोमीटर लाइनवरून काढणं आणि संशयित माल वेगळा ठेवणं ही दुरुस्ती आहे, ती त्याच दिवशी व्हायला हवी. कारण शोधून उपाय ठरवायला आठवडा पुरतो. तो उपाय अमलात आणायला महिना ठीक. प्रत्येक कामापुढे एक जबाबदार माणूस आणि एक तारीख हवी. ‘क्यूए विभाग, लवकरात लवकर’ असं लिहिलं की कोणीच बांधील राहत नाही.

उत्तरात ‘ऑपरेटरची चूक, प्रशिक्षण दिले’ असं आलं तर अहवाल परत पाठवावा. आपल्या उदाहरणात पुढे विचारत गेलं की कळतं, जुना मायक्रोमीटर पडून खराब झाल्यावर शॉपनं तातडीनं नवा विकत घेतला होता. तो थेट मशीनवर गेला, क्यूएच्या यादीत चढलाच नाही. मुदतीची आठवण यादीवरूनच निघते, त्यामुळे एम-०७ ची आठवण कोणालाच आली नाही. उपाय म्हणून, स्टोअरमधून कुठलंही मापन उपकरण बाहेर पडण्याआधी त्याला यादीतला क्रमांक मिळायला हवा.

एनसी बंद करताना ऑडिटरनं एम-०७ चं नवं प्रमाणपत्र बघायचंच, पण तेवढ्यावर सही करायची नाही. त्यानं स्टोअरकडून गेल्या तीन महिन्यांत खरेदी झालेल्या मापन उपकरणांची बिलं मागवावी आणि त्यातली दोन-तीन उपकरणं यादीत सापडतात का ते पाहावं. एखादं सापडलं नाही, तर एनसी उघडीच राहते, मग मुदत संपलेली असो वा नसो.