‘आपलं घर’ कधी ‘तुमचं घर’ होतं? भावाबहिणीच्या भांडणातलं न बोललेलं

संवादलेखनाच्या गप्पांमध्ये ‘सबटेक्स्ट’ हा शब्द सारखा येतो. पात्र बोलतं एक आणि त्याला म्हणायचं असतं दुसरंच, एवढी व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण ते दुसरं वाचकापर्यंत नेमकं पोचतं कसं? संभाषणाच्या अभ्यासात याचं बऱ्यापैकी चांगलं उत्तर आहे. आज ते एकाच प्रसंगावर लावून बघू: आईवडिलांचं घर विकायचं की नाही, यावरून दोन भावंडांचं भांडण.

मराठीत या विषयाचं नाव काढलं की महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) आठवतंच. वडील गेल्यावर विदर्भातल्या वाड्यात भावंडं एकत्र येतात आणि बोलणं फिरत राहतं ते तेराव्याच्या खर्चावर, दागिन्यांवर. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर अडून बसलेला असतो. घराण्याचं काय झालंय ते तो ट्रॅक्टरच सांगतो, कुणाला भाषण करावं लागत नाही. पण वाडा आपल्यापैकी किती जणांकडे असतो? मी प्रसंग घेतलाय भाईंदर पूर्वेचा: नवघर रोडवरची जुनी चार मजली इमारत, पहिल्या मजल्यावरचा वन-आरके. वडिलांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्र नाही, आईही आता गेली. सुनीता लग्न होऊन नाशिकला, धाकटा महेश बायकोसह इथेच. दोघंही माझ्या कल्पनेतली.

आधी कायद्याचं थोडं, कारण भांडणाची कळ तिथे आहे. अशा घरात हिंदू वारसा कायद्याने दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. सोसायटीत नॉमिनी म्हणून महेशचं नाव असलं तरी तेवढ्याने तो एकटा मालक होत नाही. म्हणजे विकायचं तर सुनीताची सही लागणार, आणि घर पूर्ण महेशच्या नावावर करायचं तरी तिने हक्कसोडपत्र नोंदवून द्यायला हवं. तिच्या हातात एवढंच आहे: एक सही.

आता पहिला खर्डा, जसा बहुतेक जण लिहितात:

सुनीता: तू वीस वर्षं इथे फुकट राहिलास. मला एकविसाव्या वर्षी उजवून मोकळे झालात!
महेश: आणि आईचं शेवटची दोन वर्षं कुणी केलं? तू फक्त रविवारी यायचीस!

यात खोटं काही नाही. पण दोन ओळींत दोघांच्या मनातलं सगळं टेबलावर आलं. वाचकाला करायला काही उरलं नाही आणि तिसऱ्या ओळीपासून फक्त आवाज वाढवणं शिल्लक राहिलं. आता दुसरा खर्डा:

सुनीता: पाणी अजून एक दिवसाआडच येतं का रे?
महेश: हो.
सुनीता: पिंप तेच आहे.
महेश: आईचं आहे. गळत नाही अजून.
सुनीता: एजंट म्हणत होता, आत्ता भाव चांगलाय.
महेश: (पिंपाचं झाकण नीट बसवत) जेवून जाणारेस ना?
सुनीता: सही कधी करायची तेवढं सांग.
महेश: कसली सही?
सुनीता: विकायचं तर विकायची. नाहीतर ती दुसरी, हक्कसोडची. तुमच्या घरात कागद तयारच असतील.
महेश: (थांबून) तुमच्या?
सुनीता: बरं, तुझ्या.
महेश: आईची औषधं अजून कपाटात आहेत. रविवारी आलीस की बघ, काय टाकायचं ते.

यात काय घडतंय, ते समजायला पॉल ग्राइस हा तत्त्वज्ञ उपयोगी पडतो. १९७५ साली छापलेल्या त्याच्या निबंधातली मुख्य कल्पना साधी आहे: समोरचा माणूस मुद्द्याला धरूनच बोलतोय, असं आपण गृहीत धरतो. म्हणून उत्तर मुद्द्याबाहेरचं वाटलं, तर आपण ते मूर्खपणाचं म्हणून सोडून देत नाही, त्यामागचं कारण शोधतो. भाव चांगला आहे, यावर ‘जेवून जाणारेस ना?’ हे उत्तर होत नाही. पण वाचक लगेच जोडतो: महेशला या विषयावर बोलायचं नाही, आणि तो ताईला पाहुणी ठरवतोय. घरच्या माणसाला कोण विचारतं जेवून जाणार का म्हणून! हे जोडण्याचं काम वाचकाने स्वतः केलेलं असतं, म्हणून ते त्याला लागतं.

माझ्या मते या प्रसंगातली सगळ्यात धारदार जागा मात्र ‘तुमच्या’ ही आहे, आणि ती मराठीत जितकी सहज बसते तितकी इंग्रजीत बसणार नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मधून तो वगळलेला. हिंदीच्या ‘हम’मध्ये ही सोय नाही. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेत, त्यामुळे भाईंदरच्या शेजाऱ्यांनाही हा डंख कळेल. म्हणजे ‘आपलं घर’, ‘आमचं घर’ आणि ‘तुमचं घर’ या तीन शब्दजोड्यांत मालकीचा सगळा वाद मावतो. शिवाय मोठी बहीण धाकट्या भावाला आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणणारच नाही. तेव्हा हे अनेकवचन झालं: तू आणि तुझी बायको. मी त्यात नाही. ती दुरुस्ती करते तेव्हाही ‘तुझ्या’ म्हणते, ‘आपल्या’ म्हणत नाही. खरं भांडण तिथे आहे.

महेशचं थांबणंही मोजून आहे. स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतली प्रश्नोत्तरं तपासली, तेव्हा उत्तरं साधारण पाव सेकंदाच्या आसपास येतात आणि होकारार्थी उत्तर नकारार्थीपेक्षा लवकर येतं, असं दिसलं. त्या दहांत भारतीय भाषा एकही नव्हती, तेव्हा आकडा जसाच्या तसा मराठीला चिकटवू नये. पण उशीर म्हणजे काहीतरी अडलंय, हे आपण रोजच ओळखतो. म्हणूनच मी पूर्ण प्रसंगात ‘थांबून’ एकदाच लिहिलंय. दर ओळीला थांबणारी पात्रं विचारी वाटत नाहीत, नेटवर्क गेल्यासारखी वाटतात.

हे फसतं कुठे? बहुतेक वेळा वरचा विषयच खरा नसतो तेव्हा. दोघं नुसतं पाण्याबद्दल बोलत राहिले, तर वाचकाला कोडं पडतं. इथे सहीचा प्रश्न खरा आहे, त्याला हो-नाही असं उत्तर आहे आणि ते दिलं जात नाही. तपासायला मी एक साधा प्रकार करते. प्रसंग अशा दोघांना वाचायला द्यायचा ज्यांना कथा माहीत नाही, आणि वेगवेगळं विचारायचं: ताईला काय हवंय? भावाला कसला राग आहे? दोघांची उत्तरं साधारण जुळली पाहिजेत. एकाने ‘पैसे’ आणि दुसऱ्याने ‘काही कळलं नाही’ म्हटलं, तर दडवणं जास्त झालंय. अशा वेळी भावना उघड सांगू नका, माहितीचा एखादा तुकडा वाढवा. इथे तो तुकडा म्हणजे ‘रविवारी’. पहिल्या खर्ड्यात तो आरोप होता, दुसऱ्यात नुसता वार आहे. आईची औषधं कपाटात आणि ताई येण्याचा दिवस रविवार, एवढ्यावर शेवटची दोन वर्षं कुणी केलं ते वाचक सांगतो.

आणि ‘म्हणत होता’कडेही लक्ष द्या. भाव चांगलाय हे सुनीता स्वतःचं मत म्हणून सांगत नाही, एजंटच्या तोंडी घालते. म्हणजे महेश चिडला तर तिला मागे सरकायला जागा आहे. पण एजंटला ती भेटली कधी, हे महेश विचारत नाही. पुढचा प्रसंग लिहायचा असेल तर तो मी या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू करेन.