ताणलेल्या दोऱ्याची भूमिती

माद्रिद आणि न्यू यॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साधारण ४०.५ अंश उत्तरेला. नकाशावर सरळ पश्चिमेला गेलं की झालं, असं वाटतं. पण पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा; तो उत्तरेकडे वर सरकतो, मध्यावर ४६ अंशांपर्यंत. हाच बृहद्‌वृत्ताचा कंस. ज्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच असतं, ते बृहद्‌वृत्त. अक्षांशावरून अंतर सुमारे ५,९४० किलोमीटर भरतं, दोऱ्यावरून ५,७७०.

गोलावर सरळ रेषेची जागा हे कंसच घेतात, म्हणून त्रिकोणही बदलतो. विषुववृत्तावर ९० अंशांच्या अंतरावर दोन बिंदू घ्या आणि दोन्हींकडून रेखावृत्तांनी उत्तर ध्रुवावर जा. दोन्ही रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. तिथेच १८० अंश संपले. तरी ती ध्रुवावर भेटतात आणि तिथला कोन वरचढ ठरतो. बेरीज २७०!

हा जादा कोन त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. इथे ९० अंश जादा, कारण त्रिकोणाने गोलाचा आठवा भाग व्यापलाय. शेताच्या तुकड्यात मात्र तो इतका नगण्य असतो, की शाळेतले १८० अंशच पुरतात.