बिल आहे, पण जुळत नाही!

वाचकहो, तुमची मुलगी बी.कॉम. करता करता तालुक्याच्या करसल्लागाराकडे उमेदवारी करू लागली, तर ती दिवसभर संगणकापुढे बसून काय करते, असे तुम्हाला वाटेल. एक उदाहरणच पाहा.

एका कृषी सेवा केंद्राने २०,००० रुपयांची कीटकनाशके घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६०० रुपये. टॅलीत F9 दाबून खरेदीचे व्हाउचर उघडायचे आणि पुरवठादाराच्या बिलावरचा क्रमांक, तारीख व रकमा जशाच्या तशा भरायच्या. विक्रीसाठी F8. महिन्याच्या विक्रीवर ९,००० रुपये कर झाला, तर खरेदीचे ३,६०० वजा जाऊन दुकानदाराने ५,४०० भरायचे.

मात्र पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले, तरच ही वजावट मिळते. मागील महिन्याचा GSTR-2B हा तक्ता १४ तारखेला निघतो. त्यात बिल आहे का, हे ताडून पाहावे लागते.

बिल जुळले नाही, तर आधी आपली चूक शोधावी. रक्कम तीच, पण क्रमांक ४१७ ऐवजी ४७१ पडला असेल, तर टॅलीत दुरुस्त करावा. तक्त्यात बिलच नसेल, तर पुरवठादाराने विवरणपत्र भरले नसेल किंवा ते बिल दुसऱ्याच जीएसटी क्रमांकावर टाकले असेल. अशा वेळी आकडे ओढूनताणून जुळवू नयेत. त्याला लगेच कळवावे. त्याने दुरुस्ती केली, की बिल पुढच्या तक्त्यात येते. तोवर ते ३,६०० रुपये दुकानदाराच्या खिशातून जातात.