रोख भरण्याची नोटीस : उत्तरातल्या तारखा

या आठवड्यात अपिलाबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाने नोटिशीच्या उत्तराचा कच्चा मसुदा पाठवला आहे आणि उत्तराची मुदत जवळ आली आहे. आकडे थोडे बदलून तो इथे घेतो.

२०२२-२३ मध्ये त्यांनी बचत खात्यात तीन वेळा मिळून साडेअकरा लाख रोख भरले. वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख जमा झाली की बँक ते आयकर खात्याला कळवते. मसुद्यात एकच वाक्य होतं : ‘सदर रक्कम शेतीचे उत्पन्न व बचतीची आहे.’ वाक्य खरं आहे, पण अधिकाऱ्याला त्यावरून काहीच तपासता येत नाही. खुलासा पटला नाही तर कलम ६९अ लागतं आणि त्या वर्षाच्या दराने अधिभार-उपकरासह ७८ टक्के कर बसतो.

म्हणून मी त्यांना तारीखवार रोख तक्ता करायला सांगितला. हाती आलेली रोख, घरखर्च, बँकेत भरणा आणि त्या दिवशीची शिल्लक. ही शिल्लक एकाही दिवशी उणे होता कामा नये.

पहिला भरणा सहज जुळला. प्लॉटसाठी मार्चमध्ये सहा लाख काढले होते, व्यवहार फिसकटला आणि २ मे रोजी साडेपाच लाख परत भरले. उरलेले पन्नास हजार घरखर्चात गेले. अडलं ते २५ ऑक्टोबरला. त्या दिवशी चार लाख भरले, पण तोवर नव्या सोयाबीनची एकच पट्टी झाली होती, एक लाख चाळीस हजारांची. बाकीच्या दोन पट्ट्या नोव्हेंबरमधल्या. म्हणजे दोन लाख साठ हजार कमी! वर्षाची बेरीज जुळत होती, तारीख जुळत नव्हती. असा तक्ता तसाच पाठवला असता तर अधिकाऱ्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं असतं.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. भाव वाढेल म्हणून आदल्या वर्षीचं सोयाबीन त्यांनी ठेवलं होतं आणि ऑगस्टमध्ये दोन पट्ट्यांवर तीन लाख वीस हजारांना विकलं होतं. त्यातून चाळीस हजार घरखर्च वजा केला, तरी २५ ऑक्टोबरला भरणा करून वीस हजार उरतात. नोव्हेंबरच्या पट्ट्या अडीच लाखांच्या, त्यातून १४ तारखेला दोन लाख भरले. तक्ता पूर्ण झाला.

आता पुरावे. आडत्याच्या पाचही पट्ट्या, मार्चमधली रक्कम काढल्याची नोंद असलेलं पासबुक आणि सातबारा. सातबारा दोन हंगामांचा लागेल, कारण ऑगस्टमध्ये विकलेला माल २०२१ च्या खरिपाचा आहे आणि पीकपाहणीत त्या वर्षी सोयाबीन दिसायला हवं. पट्टी हरवली असेल तर आडत्याकडून दुय्यम प्रत घ्या. खातं आडत्यालाही पत्र पाठवून विचारू शकतं, तेव्हा त्याच्या वहीतली तारीख आणि तुमची तारीख एकच हवी.

उत्तरातलं वाक्य असं लिहा : ‘दि. २५/१०/२०२२ रोजीचा रु. ४,००,००० चा भरणा सोबतच्या तक्त्यातील अनुक्रमांक ४, ५ व ७ च्या विक्रीतून केला आहे.’ प्रत्येक भरण्याला असं एक वाक्य पुरे. कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्याआधीच पोर्टलवर मुदतवाढ मागा.