गल्ल्यात नव्वद हजार, कमाई मात्र दोन लाख ऐंशी हजार

एका दवाखान्याचे उदाहरण घेऊ. वर्षभरात फी जमा झाली ६,००,००० रुपये. भाडे, पगार, औषधे यांवर गेले ३,१०,००० आणि वर्षारंभी घेतलेल्या ईसीजी यंत्राला २,००,०००. हाती उरले ९०,०००. डॉक्टर हिरमुसतात, पण ही केवळ रोकड आहे, कमाई नव्हे.

जमा फीतले ४०,००० गेल्या वर्षीच्या थकबाकीचे, म्हणून ते वजा करायचे. यंदा तपासलेल्या रुग्णांकडून ६०,००० येणे आहे, ते मिळवायचे. फीचे खरे उत्पन्न ६,२०,०००. ही वजाबाकीच बहुतेकदा विसरली जाते आणि तेच पैसे दोन्ही वर्षांच्या उत्पन्नात मोजले जातात.

यंत्र अनेक वर्षे चालणार, म्हणून त्याची किंमत खर्चात नाही, फक्त १५ टक्के घसारा, ३०,०००. शिल्लक २,८०,०००.