पिट्युटरीतली न शोधता सापडलेली गाठ

पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका लहानशा खोबणीत बसलेली असते. आकाराने ती वाटाण्याएवढी असते. थायरॉइड, अॅड्रिनल, बीजांडकोश, वृषण यांना कामाला लावणारे हार्मोन ती सोडते. डोकेदुखी, चक्कर किंवा डोक्याला लागलेला मार यासाठी मेंदूचा एमआरआय काढला जातो आणि रिपोर्टच्या शेवटी या ग्रंथीत काही मिलिमीटरची गाठ असल्याची ओळ येते. कारण भलतेच आणि सापडले हे, म्हणून डॉक्टर तिला ‘इन्सिडेंटलोमा’ म्हणतात. अशा गाठी दुर्मीळ नाहीत. इतर कारणांनी मृत्यू आलेल्या व्यक्तींच्या शवविच्छेदनात साधारण दहापैकी एकाच्या पिट्युटरीत लहान गाठ आढळते, आणि त्यातल्या बहुतेकांना हयातीत तिचा पत्ताही लागलेला नसतो. या गाठी जवळजवळ नेहमीच कर्करोगाच्या नसतात. ‘ब्रेन ट्यूमर’ हा शब्द ऐकून घरात जी धडकी भरते, ती या गाठीच्या मानाने फार मोठी असते.

गाठीचे माप पाहताना 10 मिलिमीटर ही सीमारेषा धरतात. त्याहून लहान ती मायक्रो, तेवढी किंवा मोठी ती मॅक्रो. ग्रंथीच्या थोडे वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात. वर वाढलेली मोठी गाठ तिथे दाब देते आणि दोन्ही बाजूंचे कडेचे दिसणे कमी होते. समोरचे नीट दिसत असल्याने पुष्कळदा रुग्णाच्या ते लवकर लक्षात येत नाही. म्हणून गाठ त्या नसांना टेकलेली असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करतात. मायक्रो गाठ सहसा तिथवर पोहोचतच नाही.

लहान गाठीबाबत खरा प्रश्न असतो तो हार्मोनचा, आणि इथेच घोळ होतो. समजा, 38 वर्षांच्या एका बाईंच्या अर्धशिशीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये 6 मिलिमीटरची गाठ दिसली. रक्तात प्रोलॅक्टिन 62 नॅनोग्रॅम आले. स्त्रियांमध्ये ते साधारण 25 पर्यंत असते. गाठ आणि वाढलेले प्रोलॅक्टिन एकत्र दिसले की ही गाठच ते बनवते, असा निष्कर्ष चटकन निघतो आणि कॅबरगोलिनच्या गोळ्या सुरू होतात. पण या बाई डोकेदुखीबरोबर होणाऱ्या मळमळीसाठी रोज अॅसिडिटीची कॅप्सूल घेत होत्या. तिच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत डॉम्पेरिडोनचे नाव होते. हे औषध प्रोलॅक्टिन वाढवते. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधेही वाढवतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅप्सूल थांबवली, काही दिवसांनी पुन्हा तपासले, तर आकडा 14. गाठ होती तिथेच होती, पण प्रोलॅक्टिनशी तिचा संबंध नव्हता. गर्भारपण, थायरॉइडची कमतरता, इतकेच काय, सुई टोचण्याची भीतीही हा आकडा वाढवू शकते. म्हणून रक्त द्यायला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवलेली बरी. मानसिक आजारावरचे औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

प्रोलॅक्टिनबरोबर आयजीएफ-1 तपासतात. वाढीच्या हार्मोनची पातळी दिवसभर खालीवर होत असते, त्यामुळे त्याच्या जागी ही स्थिर खूण पाहतात. अंगठी बोटात जाईनाशी होणे, चपलेचा नंबर वाढणे या लक्षणांमागे तेच हार्मोन असू शकते. चेहरा गोल होणे, पोटावर रुंद जांभळे वळ उठणे, रक्तदाब आणि साखर वाढणे अशी चिन्हे असली तर कॉर्टिसॉलकडे वळतात: रात्री अकराला डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी आठला रक्त. निरोगी शरीर गोळीमुळे कॉर्टिसॉल बनवणे जवळजवळ थांबवते. तसे झाले नाही तर पुढचा तपास लागतो. मॅक्रो गाठीत ग्रंथीचे काम मंदावले आहे का, हेही पाहावे लागते.

हार्मोन ठीक आणि नसांवर दाब नाही, असे असेल तर शस्त्रक्रिया नको आणि औषधही नको. मायक्रो गाठीचा एमआरआय वर्षाने, मॅक्रोचा सहा महिन्यांनी पुन्हा काढतात. गाठ जैसे थे राहिली तर दोन तपासण्यांमधले अंतर वाढवत नेतात. नेहमीच्या एमआरआयचे काप जाड असतात, त्यामुळे पिट्युटरीसाठी पातळ कापांचा, रंगद्रव्य देऊन काढलेला वेगळा एमआरआय लागतो. दुसऱ्या वर्षी त्या बाईंच्या रिपोर्टमध्ये 7 मिलिमीटर लिहून आले. मात्र मिलिमीटरभराचा फरक मोजणाऱ्याच्या हातातलाही असतो. जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर दोन्हींत गाठ तेवढीच दिसली. म्हणून नुसता रिपोर्ट पुरत नाही, जुनी सीडीही जपून ठेवावी लागते.

ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये, अशी लक्षणे थोडीच आहेत: पाळी बंद होणे, बाळंतपणाशिवाय स्तनांतून दूध येणे, पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणे, कडेचे दिसेनासे होणे. अचानक असह्य डोकेदुखी, उलटी आणि एकाचे दोन दिसणे हे एकत्र आले तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो, तेव्हा त्याच तासाला रुग्णालय गाठावे. लहान गाठीत मात्र हे फार क्वचित घडते.